बेचाळीस पतंग, पण किती रात्रींचे?

पत्र

नमस्कार सर,
मी यवतमाळ जिल्ह्यात कळंब तालुक्यात शेतकरी गटाचं काम करते. २०२४ च्या खरिपात आम्ही तीन गावांतल्या बारा वावरांत गुलाबी बोंडअळीची पाहणी केली. त्याचा मराठीत अहवाल लिहिते आहे. मसुदा वाचून कृषी खात्यातल्या एका साहेबांनी शेरा मारला, ‘तक्ते व आकृत्या स्वयंस्पष्ट करा.’ तेवढ्यात त्यातल्या आलेखाचा फोटो कुणीतरी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि मला फोन सुरू झाले, ‘ताई, बेचाळीस पाखरं निघाले, मंग आजच फवारा मारू काय?’ मजकुरात तर मी सगळं समजावून लिहिलं आहे. मग चुकलं कुठं? आकृती २ आणि तक्ता ४ सोबत जोडते आहे.
— एक वाचक, कळंब

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी आकृती २ घेऊ, कारण फोन तिच्यामुळे आले. खाली लिहिलंय ‘आकृती २ : पतंगांचा आलेख’. उभ्या अक्षावर ‘पतंग संख्या’, आडव्या अक्षावर तारखा, आणि एक लाल, एक हिरवी अशा दोन रेघा. लाल रेघ एका ठिकाणी ४२ वर गेलेली दिसते. सापळ्यांत आलेले बोंडअळीचे पतंग दर बुधवारी मोजले आणि हे आकडे पूर्ण आठवड्याचे आहेत, ही गोष्ट तुम्ही लिहिली आहे, पण ती आलेखाच्या दोन पानं आधी. फोटो काढणाऱ्याने ते पान घेतलं नाही, आणि घेण्याचं त्याला काही कारणही नव्हतं.

आता तो फोटो पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या जागी बसून बघा. मादीच्या गंधाने पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्याबद्दल त्याला एकच आकडा तोंडपाठ आहे, तो म्हणजे आठ. दर सापळ्यात रोज आठ पतंग, तेही सलग तीन रात्री आले, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं समजायचं, हे तो सल्ल्यांतून वर्षानुवर्षं ऐकत आला आहे. तुमच्या आलेखात त्याला ४२ दिसले. त्याने बेचाळीस आठाशी ताडून पाहिले आणि फवाऱ्याची तयारी केली. त्याचं वाचन चुकीचं म्हणता येत नाही, कारण ४२ हा सात रात्रींचा आकडा आहे हे त्या चित्रात कुठंच नव्हतं. सातने भागलं की ६ येतात, म्हणजे आठाच्या खाली.

पण एवढ्यावर थांबू नका. उद्या तुम्ही ४२ च्या जागी ६ लिहिलेत, तर लोक उलट्या बाजूने फसतील. समजा त्या आठवड्यात चार रात्री तीन-तीन पतंग आले आणि लागोपाठ तीन रात्री दहा-दहा आले. चार त्रिक बारा आणि तीस, मिळून बेचाळीसच. सरासरी सहाच, आणि तरीही सलग तीन रात्री पातळी ओलांडलेली. म्हणजे आठवड्यातून एकदा मोजलेल्या सापळ्यावरून ही पातळी गाठली की नाही हे सांगताच येत नाही. तुमच्या पाहणीची ही मर्यादा आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही, कारण बारा वावरांत रोज फिरणं कुणालाच जमणार नाही. मात्र ती मर्यादा आकृतीच्या खालीच लिहिलेली हवी, कारण आकृती पाहून जो निर्णय घेणार आहे त्याला ती तिथंच लागते.

या सगळ्याचा विचार करून मी तुमची आकृती-ओळ अशी लिहिली असती :

> आकृती २. कामगंध सापळ्यांत सापडलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग (दर सापळ्यामागे एका रात्रीची सरासरी). कळंब तालुका, जि. यवतमाळ; बीटी कपाशीची ६ ओलित व ६ कोरडवाहू वावरं; ४ सप्टेंबर ते ३० ऑक्टोबर २०२४. प्रत्येक वावरात २ सापळे. पतंग दर बुधवारी मोजून आकडा ७ ने भागला आहे. सलग रेघ : ओलित. तुटक रेघ : कोरडवाहू. आडवी ठिपक्यांची रेघ : आर्थिक नुकसानीची पातळी (दर सापळ्यात ८ पतंग, सलग ३ रात्री). आठवड्याच्या सरासरीवरून सलग ३ रात्रींची स्थिती कळत नाही; फवारणीचा निर्णय आपल्या वावरातले सापळे रोज पाहून आणि हिरवी बोंडं फोडून घ्यावा.

लांब वाटेल, पण यातलं प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी एका प्रश्नाचं उत्तर आहे. हे काय मोजलं, कुठलं, कोणत्या पिकाचं, कधीचं, किती वावरांवरून, आकडा कसा काढला, कोणती रेघ कशाची, आणि यावरून काय ठरवू नये. सापळा किती उंचीवर टांगला, त्यातले गंधाचे ल्यूर कुठून घेतले, मोजणी कोणी केली, हे मी मुद्दाम गाळलं. ते ‘पाहणीची पद्धत’ या प्रकरणात जाऊ द्या, कारण त्यावाचून आलेख चुकीचा वाचला जात नाही. काय ठेवायचं आणि काय वगळायचं याची कसोटी हीच : ती गोष्ट काढली तर कुणी आकृतीतून भलताच अर्थ घेईल का? घेणार असेल तर ती राहिली पाहिजे. या कसोटीला ल्यूरची एकच गोष्ट उतरते. सगळ्या सापळ्यांतले ल्यूर एकाच दिवशी बदलले असतील, तर त्यानंतर आकडा वर उडी घेऊ शकतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की अळी अचानक वाढली. तसं झालं असेल तर आलेखावर त्या तारखेला एक छोटा बाण काढा आणि ओळीत ‘बाण : ल्यूर बदलले’ एवढं लिहा.

लाल-हिरव्या रेघांऐवजी सलग आणि तुटक रेघ का घेतली, तर तुमच्या अहवालाच्या झेरॉक्स निघणार आहेत. झेरॉक्समध्ये दोन्ही रंग सारखेच करडे होतात, शिवाय लाल-हिरवा फरक काही लोकांच्या डोळ्यांना मुळातच दिसत नाही. उभ्या अक्षावरचं नावसुद्धा बदला. नुसतं ‘पतंग संख्या’ न ठेवता ‘पतंग (दर सापळा, दर रात्र)’ असं अक्षावरच, चित्राच्या आत येऊ द्या. फोटो कापताना खालची ओळ सुटली तरी अक्षावरचं एकक सुटत नाही. गावात जे घडलं ते या चार शब्दांनीही टळलं असतं.

आता तक्ता ४. वर ‘तक्ता ४ : बोंडअळीची टक्केवारी’, स्तंभांना ‘ओ.’ आणि ‘को.’, आडव्या ओळींना ‘फेरी १’ ते ‘फेरी ४’, आणि शेवटी ‘सरासरी’. सोबतच्या वावरवार तपशिलात एका चौकटीत नुसती आडवी रेघ.

या मथळ्यातली अडचण अशी की टक्केवारी कशाची, ते कळत नाही. बोंडअळीच्या बाबतीत तीन निरनिराळ्या टक्केवाऱ्या लोक वापरतात. शंभर फुलांत किती डोमकळ्या, शंभर हिरव्या बोंडांत किती बोंडांना अळी, आणि वेचणीनंतर शंभर फुटलेल्या बोंडांत किती किडकी, नीट न उमललेली कवडी. तिन्हीला आपण बोलताना ‘टक्के’च म्हणतो. तुम्ही दुसरी मोजली आहे. प्रत्येक वावरातून दर फेरीला २० हिरवी बोंडं तोडून फोडली, हे मला मजकुरातून कळलं. मग मथळ्यात ‘हिरव्या बोंडांतील’ हा शब्द आलाच पाहिजे.

दुसरं, बोंड ‘किडलेलं’ कधी धरलं? आत जिवंत अळी दिसली तरच, की अळी निघून गेल्याचं छिद्र असलं तरी? तुमच्या मजकुरात हे कुठंही सापडलं नाही. हे लिहून ठेवलंच पाहिजे, कारण पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी दुसऱ्या नियमाने मोजलं, तर दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवून तुलना करता येणार नाही. खाली मी जिवंत अळी किंवा छिद्र, दोन्ही धरलं आहे असं मानून लिहितो. तुमचा नियम वेगळा असेल तर बदला.

आणि ती आडवी रेघ. तिसऱ्या फेरीत एका कोरडवाहू वावरात पावसामुळे जाता आलं नाही, म्हणून वावरवार तपशिलात तुम्ही रेघ मारली. वाचणारा रेघेचा अर्थ ‘शून्य’ असा घेऊ शकतो. ‘पाहणी झाली नाही’ आणि ‘पाहणी झाली, अळी सापडली नाही’ या दोन गोष्टींत शेतकऱ्याच्या दृष्टीने फार अंतर आहे. शून्य असेल तिथं ० लिहा. पाहणी झाली नसेल तिथं काय झालं ते खाली टीपेत सांगा, आणि त्या फेरीतली बोंडं १२० नसून १०० होती हेही सांगा, कारण टक्का त्या १०० वर निघाला आहे.

तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून तक्ता असा होतो :

> तक्ता ४. ओलित आणि कोरडवाहू बीटी कपाशीच्या हिरव्या बोंडांतील गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव, कळंब तालुका (जि. यवतमाळ), सप्टेंबर–ऑक्टोबर २०२४

| पाहणीची तारीख | ओलित : किडलेली / तपासलेली बोंडं | ओलित : टक्के | कोरडवाहू : किडलेली / तपासलेली बोंडं | कोरडवाहू : टक्के |
|---|---|---|---|---|
| १८ सप्टेंबर | ६ / १२० | ५.० | ३ / १२० | २.५ |
| २ ऑक्टोबर | १२ / १२० | १०.० | ६ / १२० | ५.० |
| १६ ऑक्टोबर | १८ / १२० | १५.० | ८ / १०० \* | ८.० |
| ३० ऑक्टोबर | ३० / १२० | २५.० | १५ / १२० | १२.५ |

> प्रत्येक फेरीत ६ ओलित व ६ कोरडवाहू वावरं. दर वावरातून २० हिरवी बोंडं तोडून फोडली. आत जिवंत अळी किंवा अळी बाहेर पडल्याचं छिद्र असलेलं बोंड ‘किडलेलं’ धरलं आहे. आर्थिक नुकसानीची पातळी : १० टक्के (२० बोंडांत २).
> \* पावसामुळे एका वावरात पाहणी झाली नाही. ५ वावरांतली बोंडं.

‘फेरी १, फेरी २’च्या जागी तारखा घातल्या, कारण फेरी कधीची हे तुमच्या गटाबाहेर कुणालाच ठाऊक नाही. ‘ओ.’, ‘को.’ पूर्ण लिहिले. स्तंभात जागा असताना आद्याक्षरं करून वाचणाऱ्याला कोडं घालू नये. टक्क्याच्या शेजारी मूळ मोजणी ठेवली, म्हणजे १२.५ टक्के हे १२० बोंडांवरून आलेत की आठ बोंडांवरून, ते दिसतं. ‘सरासरी’ची ओळ मी काढून टाकली. ओलिताचे चार आकडे एकत्र करून १३.७५ येतात, पण तो आकडा कोणत्याच दिवशीचा नाही. प्रादुर्भाव पाचावरून पंचविसावर चढत गेला, हीच तर तुमच्या पाहणीची मुख्य गोष्ट, आणि सरासरी नेमकी तीच पुसून टाकते. वावरवार तपशिलाचा मोठा तक्ता परिशिष्टात ठेवा, पण त्यातली शेतकऱ्यांची नावं काढून वावर क्र. १ ते १२ असे क्रमांक द्या. कुणाच्या पऱ्हाटीत किती अळी निघाली हे त्याच्या संमतीशिवाय गावभर व्हायला नको.

मथळा तक्त्याच्या वर आणि आकृतीची ओळ आकृतीच्या खाली, हा छापील रिवाज आहे आणि तो पाळावा असंच मी म्हणेन. तक्ता आपण वरून खाली वाचतो, तेव्हा आकडे डोळ्यांपुढे येण्याआधी ते कशाचे हे कळलेलं बरं. चित्राकडे मात्र नजर आधी जाते आणि मग खुलासा शोधत खाली उतरते. तक्त्याच्या मथळ्यात निष्कर्ष घालू नका. ‘ओलितात बोंडअळी दुप्पट’ असा मथळा वर्तमानपत्राला शोभतो. अहवालात ज्याला आकडे स्वतः तपासायचे आहेत, त्याला तक्ता कशाचा आहे ते हवं असतं. निष्कर्ष मजकुरात लिहा. आणि तिथंच तुमच्या मसुद्यातली तिसरी उणीव आहे.

पान ९ वर तुमचं वाक्य आहे : ‘बोंडअळीची टक्केवारी खालील तक्त्यात दिली आहे.’ त्यानंतरच्या परिच्छेदात तक्त्यातले आठही आकडे पुन्हा शब्दांत लिहिले आहेत. पहिल्या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही आणि दुसऱ्या परिच्छेदातून जे मिळतं ते तक्त्यात आधीच आहे. मजकुराने तक्त्यातली मुख्य गोष्ट सांगावी आणि पुरावा म्हणून तक्त्याचा क्रमांक द्यावा. उदाहरणार्थ :

> ओलित वावरांत २ ऑक्टोबरच्या पाहणीतच प्रादुर्भाव १० टक्क्यांच्या पातळीवर पोचला होता. कोरडवाहू वावरांत १६ ऑक्टोबरला तो ८ टक्के होता आणि ३० ऑक्टोबरच्या पाहणीत पातळी ओलांडलेली आढळली (तक्ता ४).

‘३० ऑक्टोबरला पातळी ओलांडली’ असं न लिहिता ‘ओलांडलेली आढळली’ लिहिलं, ते जाणूनबुजून. मधले चौदा दिवस तुम्ही वावरात गेला नव्हता. ती त्या काळात कधीतरी ओलांडली गेली, तारीख माहीत नाही. आणि मजकुरात ‘दुप्पट प्रादुर्भाव’ लिहायचं असेल तर तारखेसह लिहा. १८ सप्टेंबर, २ ऑक्टोबर आणि ३० ऑक्टोबरला तो बरोबर दुप्पट आहे, १६ ऑक्टोबरला १५ आणि ८ म्हणजे दुपटीला थोडा कमी. तक्ता शेजारीच असल्यामुळे कुणीही हे ताडून पाहील. मजकूर, तक्ता आणि आकृतीत एकाच गोष्टीला एकच नाव ठेवा हेही आलंच. तुमच्याकडे मजकुरात ‘बागायती’, तक्त्यात ‘ओ.’ आणि आलेखात ‘ओलित’ आहे. बाहेरच्या माणसाला हे तीन प्रकार वाटतील.

‘खालील’, ‘वरील’, ‘मागच्या पानावरील’ हे शब्द संदर्भ देताना वापरूच नका. छपाईच्या वेळी एक फोटो वाढला की तक्ता पुढच्या पानावर जातो आणि ‘खालील’ला खाली काहीच उरत नाही. तक्त्याला नेहमी क्रमांकाने बोलावा, आणि ज्याला मजकुरात एकदाही बोलावलं नाही असा तक्ता अहवालात ठेवू नका. तुमची आकृती ३, म्हणजे डोमकळीचा फोटो, अशीच अनाथ पडली आहे. फोटो चांगला आहे, पण खाली फक्त ‘डोमकळी’ लिहिलंय. ज्याने ती कधी पाहिली नाही त्याने फोटोत काय पाहायचं? ‘पाकळ्या आतल्या अळीने धाग्यांनी गुंफल्यामुळे फूल नीट उमललेलं नाही (बाण)’ एवढं लिहा, आणि फोटोची तारीख द्या.

क्रमांक हाताने टाइप केले की एक तक्ता मध्ये घातल्यावर पुढचे सगळे बदलावे लागतात, आणि एखादा राहतोच. तुमचा मसुदा वर्डमध्ये आहे, तर तक्त्यावर कर्सर ठेवून `References` > `Insert Caption` उघडा, `New Label` मध्ये ‘तक्ता’ हे नाव एकदा घाला, आणि `Position` मध्ये `Above selected item` निवडा. आकृतीसाठी असंच दुसरं लेबल करून `Below selected item` निवडा. मजकुरात ‘(तक्ता ४)’ टाइप न करता `References` > `Cross-reference` मधून `Only label and number` निवडून घाला. यानंतर तक्ते पुढे-मागे केले तर `Ctrl+A` आणि मग `F9` दाबल्यावर क्रमांक जुळतात. जो तक्ता तुम्ही काढून टाकला, त्याच्या संदर्भाच्या जागी `Error! Reference source not found.` असं छापून येतं. म्हणून पीडीएफ करण्याआधी `Ctrl+F` ने `Error!` शोधून पाहा. मथळा पानाच्या तळाशी आणि तक्ता पुढच्या पानावर असं होऊ नये म्हणून मथळ्याच्या परिच्छेदाला `Keep with next` लावा. परिशिष्टातला तक्ता दोन पानांवर जाणारच, तेव्हा त्याच्या पहिल्या ओळीला `Repeat Header Rows` लावायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या पानावरचे स्तंभ बिननावाचे राहतील.

हे सगळं झाल्यावर तक्ता ४ चं एकच पान काढून पाहणीत नसलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या हातात द्या. तोंडाने काही सांगू नका. ओलितात दोन ऑक्टोबरला काय झालं होतं, ते कशावरून मोजलं, आणि तारांकित आकडा वेगळा का, एवढं त्याला विचारा. तो जिथं अडेल किंवा तुमच्या तोंडाकडे बघेल, ती गोष्ट टीपेत कमी आहे असं समजा. त्याने विचारलेला प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, टीप लिहायला ते शब्द उपयोगी पडतात.

राहिला तो गावात फिरणारा जुना फोटो. तो आता परत घेता येत नाही आणि कपाशीच्या पुढच्या हंगामातही कुणीतरी तो पुन्हा टाकेल. म्हणून दुरुस्त आकृती त्याच ग्रुपवर टाका, पण नुसतं चित्र नको. आकृती, तिची पूर्ण ओळ आणि क्रमांक एकाच चौकटीत येतील असा पानाचा तुकडा कापून पाठवा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर चित्राखाली टाइप केलेला मजकूर पुढे पाठवताना गळून पडू शकतो. क्रमांक तोच ठेवा, त्यापुढे ‘सुधारित’ आणि तारीख लिहा, आणि ओळीच्या शेवटी एक वाक्य जोडा : ‘आधीच्या चित्रातले आकडे ७ रात्रींचे एकत्रित होते, एका रात्रीचे नव्हते.’ ज्यांचे फोन आले होते त्यांना मात्र स्वतः फोन करून सांगा. त्यातल्या कुणी तेवढ्यावरून फवारा मारला असेल, तर ती तारीख तुमच्या पाहणीच्या वहीत नोंदवा, कारण ते वावर तुमच्या बारांपैकी असेल तर त्यानंतरच्या आकड्यांनाही एक टीप लागेल.